आधी रोस्टर, मग सिलॅबस

एमबीबीएसला विषय १९ आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आठवडे २६. हे दोन आकडे शेजारी ठेवले की नीट-पीजीचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. मोठ्या विषयांना दोन-दोन आठवडे, छोट्यांना तीन-तीन दिवस, शेवटचा महिना उजळणीला. इंटर्नशिप संपवून घरी किंवा लायब्ररीत बसून अभ्यास करणाऱ्याचं असं वेळापत्रक थोडंफार निभावतंही. हाऊस ऑफिसरचं मात्र ते पहिल्या इमर्जन्सी डेलाच कोलमडतं. ते सिलॅबसकडे बघून बनवलेलं असतं, आणि हाऊस ऑफिसरचं आयुष्य सिलॅबसवर नव्हे, रोस्टरवर चालतं.

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप झाली की डॉक्टर म्हणून नोंदणी होते. पण एमडी किंवा एमएस व्हायचं तर नीट-पीजी द्यावी लागते. अधल्यामधल्या काळात काही जण शासकीय किंवा पालिकेच्या रुग्णालयात हाऊस ऑफिसर म्हणून काम करतात. त्यांना जुनी मंडळी अजून 'हाऊसमन' म्हणतात. नवीन पेशंटची हिस्टरी लिहिणं, रक्ताचे नमुने काढणं, रिपोर्टच्या मागे धावणं, रक्तपेढीत चकरा मारणं, डिस्चार्ज कार्ड भरणं, असं वॉर्डचं सगळं हातकाम त्यांच्याकडे असतं.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली मेडिसिनच्या युनिटमधली हाऊस ऑफिसर. परीक्षा ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आहे असं धरू. सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६. बुधवारी युनिटची इमर्जन्सी, म्हणजे सकाळी ८ ला आत गेलेली ही बाई गुरुवारी दुपारी ४ ला बाहेर पडते. शनिवारी दिवसाचं काम करून वॉर्डची नाइट, आणि रविवारी राऊंड संपवून ११ ला सुटका. बेरीज केली तर आठवड्याला जवळजवळ ९० तास होतात. निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारने १९९२ मध्ये काढलेल्या निर्देशांत आठवड्याला ४८ तास म्हटलं होतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने ७४ ची मर्यादा सुचवली. आपली हाऊस ऑफिसर यांपैकी कशातच बसत नाही, पण वेळापत्रक तिलाच बनवायचं आहे.

ती पहिल्यांदा उरलेले तास मोजते. सोमवारी रात्री २ तास मिळतात. मंगळवारी दीडच, कारण दुसऱ्या दिवशी इमर्जन्सी आहे आणि झोप हवी. बुधवार शून्य. गुरुवारही शून्य, आणि हे शून्य खरोखर शून्यच लिहायचं असतं. शुक्रवारी अडीच तास. रविवारी दुपारची झोप झाल्यावर ३. एकूण ९ झाले. याशिवाय दिवसभरात चहाच्या वेळी, रिपोर्टची वाट बघताना, जेवण झाल्यावर मिळणारे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे असतात. ते आठवड्याला मिळून ३ तास धरू. असे झाले १२ तास.

गुरुवार शून्य धरण्यावर बहुतेकांचा विश्वास बसत नाही. दुपारी ४ ला घरी आलो, आंघोळ केली, मग रात्री दहापर्यंत बसता येईल की, असं वाटतं. १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांचा एक छोटा अभ्यास आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांचा मेळ तपासणाऱ्या चाचणीतली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि २४ तासांनी ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते, असं त्यात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायला ०.०३ टक्क्यांच्या वर मनाई आहे. गुरुवारी संध्याकाळी ती पुस्तक उघडेल, रेघाही मारेल, पण शुक्रवारी त्यातलं फारसं काही उरलेलं नसेल. शिवाय शुक्रवारचे अडीच तासही झोपेच्या थकबाकीत जातील.

आता २६ आठवड्यांपैकी शेवटचे २ रजेचे धरू. उरले २४. यातला दर पाचवा आठवडा, म्हणजे पाचवा, दहावा, पंधरावा आणि विसावा, कोरा ठेवायचा. त्यात काहीही लिहायचं नाही. कोणी सहकारी आजारी पडेल, रोस्टर बदलेल, घरी लग्न निघेल, स्वतःलाच ताप येईल. हे सगळं होणारच असतं, फक्त केव्हा ते माहीत नसतं. म्हणजे लिहिण्याजोगे आठवडे २० आणि तास २४०. रजेच्या १४ दिवसांत रोज ८ तास धरले तर आणखी ११२. सहा महिन्यांची एकूण पुंजी ३५२ तास.

हा आकडा कागदावर आला की एक निर्णय आपोआप होतो. कोचिंगच्या ॲपवरचे सगळ्या विषयांचे पूर्ण व्हिडिओ काही शे तासांचे असतात. ते बघायला लागलं तर पुंजी तिथेच संपते आणि एकही प्रश्न सोडवून होत नाही. तेव्हा ही उजळणी प्रश्नांवरच करावी लागते. व्हिडिओ बघायचा तो अडलेल्या एखाद्या मुद्द्यापुरता.

सुदैवाने परीक्षेची रचनाच आता या कामाला सोयीची झाली आहे. नीट-पीजीत २०० प्रश्न आणि साडेतीन तास असतात. २०२४ पासून पेपरचे पाच भाग केले आहेत. प्रत्येक भागात ४० प्रश्न, त्याला ४२ मिनिटं, आणि वेळ संपली की तो भाग बंद होतो, मागे जाता येत नाही. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. साडेतीन तासांची सलग बैठक हाऊस ऑफिसरला महिन्यातून एखाद-दोनदाच मिळते, पण ४२ मिनिटांची बैठक ड्यूटीनंतरही जमते. म्हणून तिच्या वेळापत्रकाचं माप दिवस किंवा प्रकरण असं नसतं. ४२ मिनिटांत ४० प्रश्न आणि मग साधारण तेवढाच वेळ चुकलेले प्रश्न समजून घ्यायला, असं दीड तासाचं एक माप. मंगळवारी असं एकच बसतं. शुक्रवारी एक बसून वर तासभर वाचायला उरतो.

प्रश्न आधी आणि वाचन नंतर, हा क्रम उलटा वाटतो. विषय विसरलोय, आधी वाचू तरी, असं मन म्हणतं. पण २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचल्यानंतर 'येतंय' असं जे वाटतं ते पाच मिनिटांपुरतं खरं असतं, आणि त्याच जोरावर माणूस पुढचं पान उलटतो. हाऊस ऑफिसरचे तास इतके मोजके आहेत की तिला ही फसगत परवडत नाही.

पहिली फेरी पहिल्या १४ आठवड्यांची. दोन कोरे वजा करून १२ आठवडे. सलग मिळणारे ९ तास नव्या विषयाला, तुकड्यांतले ३ मागच्याला. म्हणजे १९ विषयांना मिळून १०८ तास. वाटणी समान करायची नसते. सुरुवातीला एक पूर्ण चाचणी, कितीही कमी गुण पडले तरी, देऊन टाकावी. कोणत्या विषयात किती गुण गेले हे बघून तास ठरवावेत. तिची वाटणी अशी झाली असं समजा. मेडिसिन १४, सर्जरी ११, स्त्रीरोग-प्रसूती १०, पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी आणि पीएसएम प्रत्येकी ९, मायक्रोबायॉलॉजी ८, बालरोग ६. पहिल्या वर्षाचे तिन्ही विषय मिळून १४. उरलेल्या आठ छोट्या विषयांना सगळे मिळून १८.

सुरुवात ॲनाटॉमीपासून करायची सवय अनेकांना असते, कारण कॉलेजात ती पहिली आली होती. माझ्या मते वेळापत्रकातली ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. नसांच्या शाखा, एंझाइमची नावं, लसीकरणाचं वेळापत्रक यांसारख्या निव्वळ पाठांतराच्या गोष्टी फेब्रुवारीत केल्या तर मेपर्यंत पुसल्या जातात. फेब्रुवारीत असे विषय घ्यावेत जे पुढच्या विषयांना आधार देतात. पॅथॉलॉजी आधी, मग मेडिसिन, सोबत फार्माकॉलॉजी. त्वचारोग, मानसोपचार, भूलशास्त्र, रेडिऑलॉजी हे छोटे विषय एका रविवारी संपतात आणि गुण चांगले देतात. ते नेहमी 'शेवटी बघू'च्या यादीत जाऊन पडतात. त्यांना मोठ्या विषयांच्या मध्ये पेरावं. आणि मेडिसिनमध्येच पोस्टिंग असेल तर मेडिसिनचे दोन-तीन तास कमी केले तरी चालतात. दिवसभर कीटोॲसिडोसिस आणि स्ट्रोक बघणारीला त्यांचे प्रश्न नव्याने शिकावे लागत नाहीत.

पहिला आठवडा पॅथॉलॉजीचा धरू. सोमवारी पेशींची इजा, दाह, गाठी यांवर ४० प्रश्न. समजा १७ चुकले. उरलेला तास फक्त त्या सतरांवर. मंगळवारी रक्ताचे विकार, ४० प्रश्न आणि लगेच तपासणी. बुधवार-गुरुवार नाही. शुक्रवारी किडनी आणि यकृत, नंतर नोट्समधली तेवढीच पानं. रविवारी आधी सगळ्या पॅथॉलॉजीवरचे मिसळून ४० प्रश्न आणि मग उरलेल्या दोन तासांत आठवडाभरातले चुकलेले प्रश्न एका वहीत. वहीत उत्तर लिहिण्याइतकंच चुकीचं कारणही लिहायचं. ते तीनच प्रकारचं असतं. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, किंवा माहीत असून प्रश्न नीट वाचला नाही. 'खालीलपैकी कोणतं नाही' यातला 'नाही' सुटणं हे तिसऱ्या प्रकारात येतं. हा तिसरा प्रकार ड्यूटीनंतरच्या बैठकीत अचानक वाढला तर ते दमल्याचं लक्षण आहे. अशा दिवशी बैठक थांबवून झोपावं. त्या प्रश्नांवर वाचन करून काही सुधारत नाही, कारण ते आधीच येत होतं.

दुसऱ्या आठवड्यात मेडिसिन सुरू होतं, पण पॅथॉलॉजी सुटत नाही. तुकड्यांतल्या वेळात फोनवर पॅथॉलॉजीचे दहा-पंधरा प्रश्न येत राहतात. चौथ्या आठवड्यात ते पुन्हा एकदा येतात, आणि मग थेट दुसऱ्या फेरीत. या अंतरालाही आधार आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हजाराहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की जितक्या लांबच्या तारखेला आठवायचं असेल तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर वाढवावं. काही महिन्यांनी आठवायचं असेल तर ते साधारण तीन आठवड्यांचं यावं. हाऊस ऑफिसरला हे अंतर मुद्दाम शोधावं लागत नाही, तिच्या कामामुळे ते पडतंच. वेळापत्रकाने ते फक्त बेशिस्त होऊ द्यायचं नाही.

मार्चच्या सुरुवातीला पहिला कोरा आठवडा येतो. इथे एकच हिशेब करायचा. चार आठवड्यांत ४८ तास ठरले होते, प्रत्यक्षात किती झाले? समजा ३० झाले. बहुतेक जण इथे 'पुढच्या महिन्यात भरून काढू' म्हणतात आणि पुढच्या चार आठवड्यांवर १८ तास जास्तीचे चढवतात. रोस्टर बदललेला नसताना हे तास येणार कुठून? ३० झाले असतील तर पुढेही आठवड्याला साडेसातच होणार असं धरून वेळापत्रक पुन्हा लिहावं. २४० चे १५० झाले. मग कापायचं काय? विषय कापू नयेत. मोठ्या विषयांच्या तळाला असलेला गाळ कापावा. ॲनाटॉमीतली भ्रूणविद्येची बारीक पानं, बायोकेमिस्ट्रीतल्या प्रत्येक साखळीतला प्रत्येक एंझाइम, सर्जरीतले दुर्मीळ आजार. ज्या मुद्द्यावर मागच्या वर्षांत वारंवार प्रश्न आलेले आहेत तो ठेवावा.

दुसरी फेरी मेच्या मध्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, एक कोरा धरून नऊ आठवड्यांची. या फेरीत नवं काही नाही. चुकांची वही आणि मिश्र प्रश्न. दर दोन आठवड्यांनी एक पूर्ण चाचणी. साडेतीन तासांची चाचणी आणि जवळजवळ तेवढाच वेळ तिच्या तपासणीला. २०२५ ची परीक्षा सकाळी ९ ला सुरू झाली होती, तेव्हा चाचणीही ९ लाच द्यावी. इथे शनिवारची नाइट आड येते. रात्रभर वॉर्डात जागून रविवारी दिलेल्या चाचणीचे गुण कशाचंच माप नसतात. म्हणून चार चाचण्यांसाठी चार शनिवार आणि त्यांना जोडून आलेले रविवारचे राऊंड अदलाबदलीने सोडवून घ्यावे लागतात. ही उधारी आधी चुकती करायची असते. होळीची नाइट, गुढीपाडव्याची इमर्जन्सी मार्चमध्ये दुसऱ्यासाठी केली, तरच जूनमध्ये कोणी आपली करतो. कोणाची कोणती नाइट केली हे ड्यूटी लिस्टवर लिहून ठेवलेलं बरं. तोंडी उधारी कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेर बनवलेल्या कुठल्याच तयार वेळापत्रकात नसते. जून लागला की पाऊस येतो आणि पावसामागून ताप. डेंग्यू, मलेरिया, मुंबई-कोकणात लेप्टो. मेडिसिन आणि बालरोगाच्या वॉर्डात खाटा संपतात, जमिनीवर गाद्या पडतात. नेमक्या त्याच आठवड्यांत परीक्षा जवळ येत असते. म्हणून जूनपासून आठवड्याला १२ ऐवजी ९-१० तासच धरावेत, आणि जास्त वेळ खाणारे विषय मेअखेरपर्यंत उरकावेत. आर्थोपेडिक्स किंवा डोळ्यांच्या विभागात पोस्टिंग असलेल्याला ही कपात एवढी जाणवणार नाही.

रजेचे १४ दिवस वेळापत्रकात सगळ्यात शेवटी येतात, पण त्यांची बोलणी सगळ्यात आधी करावी लागतात. एका युनिटमध्ये तीन हाऊस ऑफिसर असतील तर तिघांचीही परीक्षा एकाच दिवशी असते आणि तिघांनाही तेच दिवस हवे असतात. युनिट हेडना ते शक्य नसतं. मार्चमध्येच तिघांनी बसून वाटून घ्यावं. एकाला जुलैचा दुसरा पंधरवडा, दुसऱ्याला पहिला पंधरवडा आणि परीक्षेआधीचे चार दिवस, असं काहीतरी. परीक्षेच्या आदल्या दोन रात्री मात्र तिघांनाही सुट्टी हवी आणि ती लेखी मागावी.

आणि तारीखच हलली तर? २०२४ मध्ये २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला झाली. २०२५ मध्ये १५ जूनची परीक्षा एकाच सत्रात घेण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ३ ऑगस्टला गेली. दोन्ही वेळी बरोबर सात आठवडे. घेतलेली रजा तर परत येत नाही. तेव्हा वेळापत्रकाच्या मागच्या पानावर सात आठवड्यांचा एक जोडआराखडा आधीच लिहून ठेवावा. पहिला आठवडा कोरा, पुढच्या पाचांत फक्त चुकांची वही आणि दोन चाचण्या, शेवटचा पाठांतराच्या विषयांना. पहिली फेरी नव्याने सुरू करायची नाही. तारीख पुढे गेली म्हणून पुन्हा व्हिडिओ लावणाऱ्यांची चुकांची वही तशीच पडून राहते आणि ते सात आठवडे वाया जातात.

एक अडचण कुठल्याही वेळापत्रकाने सुटत नाही. दुसऱ्या कोऱ्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, हिशेब करताना आठवड्याला ६ तासांपेक्षा कमी भरत असतील, तर सहा महिन्यांत १९ विषयांची एक फेरीही धड होत नाही. त्या वेळी झोप कापून आकडा वाढवू नये. त्यात वॉर्डातल्या पेशंटलाही धोका असतो. बंधपत्र आड येत नसेल आणि घरचं भागत असेल तर मेअखेर पद सोडावं. ते शक्य नसेल तर या वर्षी परीक्षा सरावाखातर द्यावी, आणि घरच्यांना ते एप्रिलमध्येच सांगून टाकावं, निकालानंतर नव्हे.